गादीचं नाव सासऱ्यांना विचारलं तेव्हा

त्या गादीचं नाव इथे लिहीत नाही. तीन अक्षरं होती, ऐकायला मऊ होती, आणि आपल्या भाषेत त्याचा काहीच अर्थ होत नव्हता, एवढं पुरे. ही पानं कुठल्या देशात कोणाच्या हाती पडतील सांगता येत नाही, आणि जी शोभा झाली तेवढी बास झाली.

ते नाव जिच्या हातून पास झालं तिला ऑफिसात सगळे 'चाळणी' म्हणायचे. तिचं कामच ते होतं. एखादी कंपनी नवीन वस्तूला नाव ठरवते आणि ती वस्तू दहा देशांत विकायला काढते. वकील बघतात, की ते नाव आधीच दुसऱ्या कोणाच्या मालकीचं तर नाही ना. आणि चाळणीचं ऑफिस बघायचं, की परक्या भाषेत ते नाव म्हणजे शिवी, रोग, किंवा तिथल्या एखाद्या बदनाम पुढाऱ्याचं टोपणनाव तर नाही ना. शॅम्पूचं नाव कुठेतरी खरजेसारखं ऐकू येतं, बिस्किटाचं नाव कुठेतरी उंदराच्या औषधासारखं. चाळणी चाळायची, खडे वेचायची, आणि कंपनीवाले "बाप रे, थोडक्यात वाचलो" म्हणून चहा पाजायचे.

पद्धत अगदी पक्की होती. प्रत्येक भाषेला निदान दोन तपासनीस. दोघं त्याच भाषेत वाढलेले आणि शक्यतो अजून तिकडेच राहणारे, कारण घाण शब्द भाजीसारखे असतात, ताजे तिकडेच मिळतात. डिक्शनरीत जे सापडतात ते वाळलेले. एक पुरुष, एक बाई. एक तरुण, एक वयस्क. दोघांची एकमेकांशी ओळख नको, आणि आपल्याशी तर नकोच नको. वस्तू काय आहे ते आधी सांगायचं नाही. खऱ्या नावात चार-पाच खोटी नावं मिसळायची, म्हणजे कंपनीचा जीव नेमका कशात अडकलाय ते त्याला कळत नाही. त्याने नाव मोठ्यांदा म्हणायचं आणि मनात पहिलं येईल ते बोलायचं. मग वस्तू सांगायची, आणि परत विचारायचं. शेवटी रंग द्यायचा: हिरवा, पिवळा किंवा लाल. पिवळ्याला आणि लालला कारण हवंच. कारण नसलेला रंग म्हणजे नुसता मूड, तो धरायचा नाही.

हे सगळं चाळणीला झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. नवीन पोरींना तीच शिकवायची.

तर गादीवाले आले. बापाच्या काळात कापसाच्या गाद्या, ह्यांच्या काळात फोम. आता ह्यांनी असा फोम काढला होता म्हणे, की माणूस त्यावर पडला की उठायचं नावच घेत नाही. नाव त्यांनीच स्वतः अंघोळ करताना शोधलं होतं, त्यामुळे त्यावर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. सगळ्या भाषांत तपासणी सुरू झाली, हिरवे रंग येत गेले. आणि अगदी शेवटी त्यांचा फोन आला, की बेटांवरच्या हॉटेलांची मोठी ऑर्डर मिळतेय, तर बेटांची भाषापण बघून टाका, पटकन.

ऑफिसच्या मालकीण, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांनी चाळणीला केबिनमध्ये बोलावलं. "हे काम तू एकटीने पार पाड. नीट झालं, की तपासणीचा सगळा विभाग तुझा. मला आता रोज उठून जगभरच्या शिव्या ऐकायचा कंटाळा आलाय."

चाळणीला आनंदाने घाम फुटला. कारण बेटांच्या भाषेला त्यांच्याकडे एकच तपासनीस होती, एक शाळामास्तरीण, आणि ती नेमकी बाळंत झाली होती. दुसरा शोधायला वेळ नव्हता.

आणि घरात सासरे होते.

सासऱ्यांची आई बेटांवरची. त्यांचं सगळं बालपण तिथे गेलं, मग तरुणपण तिथल्या बंदरात जहाजांची इंजिनं उघडण्यात गेलं. अजूनही दर आठवड्याला मावसभावाला फोन लावून ते त्या भाषेत तासभर गप्पा मारायचे. फोन ठेवला की हसून हसून डोळे पुसायचे आणि काय झालं ते कोणाला सांगायचे नाहीत. त्यांच्याहून पक्का माणूस कुठे मिळणार होता?

नात्यातला माणूस नको, हा नियम चाळणीला पाठ होता. पण तो नियम का असेल, तर पक्षपात होऊ नये म्हणून, असं तिने आपलं आपण ठरवलं. आणि बाबांचा पक्षपात कसला? त्यांना गाद्यांशी काय देणंघेणं? ते तर चटईवर झोपायचे. तिने फाइलमध्ये लिहिलं: 'पुरुष, वयस्क, निवृत्त जहाज-मेकॅनिक.' ह्यात खोटं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी मुलाखत झाली, घरच्याच बैठकीच्या खोलीत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून बसले होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "जावयाला बघायला निघाल्यासारखे काय सजलात? सून विचारतेय, टीव्हीवाले नाही."

"तू तुझी भाजी बघ," बाबा म्हणाले. "हे तज्ज्ञांचं काम आहे."

चाळणीने रेकॉर्डर लावला. पहिलं खोटं नाव सांगितलं. बाबांनी ते मोठ्यांदा म्हटलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्या नावाचा एक कप्तान होता. महा कंजूष. पिवळा दे."

"बाबा, नावाचा कप्तान होता की नावासारखा?"

"सारखाच. पण आठवण येते ना! पिवळा."

दुसरं खोटं नाव छान वाटलं, मग तिसऱ्यावर मावशीच्या कोंबड्यांची गोष्ट निघाली. मग चाळणीने खरं नाव म्हटलं.

बाबांनी ह्या वेळी डोळे मिटले नाहीत.

"म्हणा ना मोठ्यांदा."

"हं." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी प्यायले. ग्लास ठेवला. परत उचलला, तो रिकामा होता, तरी परत प्यायले.

"बाबा?"

"हे नाव... जरा बरं नाही."

"म्हणजे? पहिलं काय मनात आलं?"

"मनात काय, काही नाही आलं. असंच." त्यांचे कान मागच्या बाजूने गुलाबी व्हायला लागले होते. "आपलं, बरं नाही वाटत."

"शिवी आहे का?"

"शिवी कशी म्हणू? शिवीपण नाही... तसं म्हटलं तर... तू पुढचं नाव विचार."

"आधी हे पूर्ण करू. वस्तू सांगते. गादी आहे, बाबा. झोपायची गादी."

बाबांना ठसका लागला. सासूबाई चमचा घेऊनच बाहेर आल्या आणि त्यांच्या पाठीत थोपटायला लागल्या. ठसका थांबल्यावर चाळणीने हसून, अगदी शिकवलेल्या गोड आवाजात विचारलं, "तर मग, गादीला हे नाव शोभतं का?"

"नाही गं शोभत. म्हणजे शोभतं, तेच तर..." बाबा उठून उभे राहिले. "पिवळा. पिवळा लिही. झालं ना?"

"कारण काय लिहू?"

"कारण काय कारण! वयस्क माणूस पिवळा म्हणतोय, तर लिहावा पिवळा!" आणि ते चपला घालून खाली फिरायला गेले. शर्टाची इस्त्री तशीच कडक.

चाळणीने रेकॉर्डिंग परत ऐकलं. कंजूष कप्तानाला पिवळा, आणि ह्यालाही पिवळा. दोन्हींना कारण नाही. म्हातारा माणूस, उन्हाने डोकं तापलं असेल. डिक्शनरीत शोधलं, काही नाही. नेटवर शोधलं, काही नाही. तिने दोन्ही पिवळे मूडमध्ये टाकले आणि गादीच्या नावापुढे हिरवा लिहिला. दुसरा तपासनीस मिळाला नाही ही गोष्ट खाली बारीक अक्षरांत लिहिली, इतक्या बारीक की ती स्वतःलाही चष्म्याशिवाय दिसली नसती.

गादीवाले खूश. छापखान्याला ऑर्डर तयार झाली, फक्त एक शेवटची मीटिंग बाकी राहिली. तिथे सगळ्यांसमोर अहवाल ठेवायचा, सह्या करायच्या, आणि चाळणीने विभागप्रमुख होऊन बाहेर पडायचं.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी चाळणी कपडे वाळत घालत होती. सासूबाई शेजारी उभ्या राहून चिमटे देत होत्या.

"काय गं, त्या गादीचं नाव बदललं का शेवटी?"

"नाही, का बदलतील? पास झालं की."

सासूबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "पास? अगं, हे आणि त्यांचा तो मावसभाऊ परवा फोनवर त्याच नावावरून एवढे हसले, की खाटेचा पाय निखळला. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, तुझ्या ऐकण्यासारखं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी माझ्या ऐकण्यासारखं नाही!"

ओली चादर चाळणीच्या खांद्यावर पडली. ती तशीच आत गेली.

बाबा पेपर वाचत होते. तिला बघून त्यांनी पेपर वर केला.

"बाबा, त्या नावाचा अर्थ काय आहे?"

"मी पिवळा सांगितला होता," पेपर म्हणाला.

"उद्या ते नाव छापायला जाईल. बेटांवरच्या सगळ्या हॉटेलांत, सगळ्या गाद्यांवर. मला अर्थ सांगितल्याशिवाय ते थांबवता येणार नाही. पिवळा कशासाठी, ते सांगा."

पेपर अजून वर गेला. "बंदरातली भाषा आहे ती. तुझ्यासमोर नाही यायची माझ्या तोंडातून."

"मी रोज ऑफिसात असलेच शब्द ऐकते, बाबा!"

"ऑफिसात ऐक. माझ्याकडून नाही."

नवरा कामावरून आला, तेव्हा चाळणीने त्याला दारातच गाठलं. बापलेक आतल्या खोलीत गेले, दार लावलं. बाहेर सासू-सून भिंतीला टेकून उभ्या. आत आधी कुजबुज, मग एकदम शांतता. नवरा बाहेर आला तो कोणाकडेही न बघता सरळ मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

"अरे, काय आहे?"

"लाल आहे," तो म्हणाला.

"किती लाल?"

"आता त्याला मोजमाप काय देऊ? तू असं कर, उद्या बाबांनाच घेऊन जा. ते सांगतील तिथे."

"तू सांग ना मला!"

"मी?" त्याने तोंड पुसायचं निमित्त करून टॉवेलच डोक्यावर घेतला. "मेलो तरी नाही."

सासूबाई म्हणाल्या, "घरात पुरुष दोन आणि जीभ एकालाही नाही."

सकाळी चाळणीने मोठ्या बाईंना फोन केला. सांगितलं, की बेटांच्या भाषेत अडचण निघालीय, तपासनीस स्वतः येऊन सांगायचं म्हणतोय. मोठ्या बाईंना आवडलं. म्हणाल्या, "वा. असा माणूस हवा. घेऊन ये."

बसमध्ये चाळणी बाबांना हळूच म्हणाली, "बाबा, तिथे मला सूनबाई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"मॅडम म्हणा."

"मॅडम," बाबांनी म्हणून बघितलं. खिडकीतून बाहेर बघत अजून दोनदा म्हटलं. "जमेल."

गादीवाल्यांच्या ऑफिसात मीटिंगची खोली काचेची होती. आजकाल सगळ्यांच्याच असतात. आतलं सगळं दिसावं, ऐकू काही येऊ नये. आत लांब टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि कोपऱ्यात नमुन्याच्या उशांचा ढीग. घाई करून गादीवाल्यांनी आधीच करून घेतल्या होत्या, प्रत्येकीवर ते तीन अक्षरी नाव निळ्या धाग्याने भरलेलं. गादीवाले, त्यांची विक्रीची दोन माणसं, हिशेबवाला, मोठ्या बाई. आणि टेबलाच्या टोकाला गादीवाल्यांची आई. अजून सही तिचीच चालते म्हणून ती प्रत्येक मीटिंगला येते आणि शक्यतो झोपते.

बाबांना बघून सगळे उठले. बाबांनी तिथल्या तिथे तीनदा नमस्कार केला.

चाळणी उभी राहिली. "माझ्या अहवालात बेटांच्या भाषेला हिरवा रंग आहे. तो चूक आहे. आमच्या तपासनिसांनी शंका सांगितली होती, मी ती नोंदवून घेतली नाही. माझी चूक."

मोठ्या बाईंच्या कपाळावर एक आठी आली, पण एकच. चूक कबूल करणारं माणूस त्यांना चालायचं. विभाग अजून हातचा गेला नव्हता.

गादीवाले म्हणाले, "शंका म्हणजे काय? अर्थ काय होतो?" पोटच्या पोराला ताप आल्यासारखा त्यांचा आवाज होता.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. गादीवाल्यांच्या आईकडे बघितलं, ती जागी होती. हिशेबवाल्याकडे बघितलं. मग चाळणीकडे बघितलं.

"त्याचा अर्थ," बाबा म्हणाले. "त्याचा अर्थ असा, की..."

त्यांनी समोरची पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली.

"बोला ना, काका," विक्रीचा माणूस म्हणाला. "इथे सगळे मोठेच आहेत."

"हो हो. सांगतो ना. मॅडम," बाबा म्हणाले, आणि परत थांबले. कान, मान, टाळू, सगळं गुलाबी. मग एकदम हात जोडून, अगदी कळवळून म्हणाले, "सूनबाई, तू जरा बाहेर जा गं."

खोलीत कोणाला काही वाटलं नाही. गादीवाले हसलेसुद्धा. फक्त मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

चाळणी बाहेर गेली. दार आपोआप लागलं.

काचेतून सगळं दिसत होतं. बाबा एकदा दरवाज्याकडे बघून, खाली वाकून बोलायला लागले. आधी विक्रीच्या माणसाने तोंडावर हात ठेवला. हिशेबवाला टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखा वाकला आणि वर आलाच नाही. गादीवाल्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांची आई मात्र पदर तोंडाला लावून अशी हसत होती, की खुर्ची मागे सरकत चालली होती. आणि मग, हे चाळणीला कळलं नाही, एकामागून एक सगळ्यांच्या माना वळल्या. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं आणि मग काचेतून तिच्याकडे बघितलं. आणि पटकन नजरा खाली घातल्या.

तिला वाटलं, आपल्या साडीला काहीतरी लागलंय. तिने मागे वळून बघितलं.

मोठ्या बाई बाहेर आल्या. "कोण तो?"

"सासरे माझे."

"नियम काय आहे?"

"नात्यातला माणूस नको. पक्षपात होतो म्हणून. पण बाई, त्यांनी पक्षपात..."

"पक्षपात गेला खड्ड्यात. नात्यातला माणूस घाण बोलत नाही, म्हणून आहे तो नियम. आपण पैसे कशाचे घेतो? परकी माणसं आपल्यासमोर घाण बोलतात, त्याचे! घरची माणसं आपल्याला कशी काय सांगणार?"

चाळणी जमिनीकडे बघत राहिली. फरशीवर काळे ठिपके होते.

"बाकीच्या भाषांत तर कोणी नाही ना घरचं?"

"नाही." मग थोड्या वेळाने, "एक मावशी आहे."

मोठ्या बाई बाकड्यावर बसल्या. "काय म्हणाली मावशी?"

"छान आहे म्हणाली."

"बाकीच्या नावांना?"

"तीपण छान आहेत म्हणाली. मावशीला सगळंच छान वाटतं."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले, तेव्हा आवाज अगदी शांत होता, आणि तेच वाईट होतं. "उद्यापासून तू मुलाखती घेऊ नकोस. विभागाचं विसरून जा. तू खोटी नावं बनव. नावांत मिसळायला लागतात ना, ती. आणि नवीन पोरींना पद्धत शिकवायला मी दुसरं कोणीतरी बघते."

दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. मागून गादीवाले, त्यांचा हात बाबांच्या खांद्यावर. "देवासारखे आलात काका. सगळ्या बेटांवर माझ्या नावाने दगड मारले असते लोकांनी. हे ठेवा आमच्याकडून." आणि त्यांनी बाबांच्या हातात एक उशी दिली. "आता ह्या उशा तशाही वायाच जाणार."

बाबांचा चेहरा उजळला होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना तज्ज्ञ म्हणून उशी दिली होती.

रस्त्यावर आल्यावर ते भराभर चालायला लागले. उशी छातीशी, नावाची बाजू आत. "झालं बघ तुझं काम! मग आता मोठी साहेबीण ना तू?"

"नाही, बाबा. मला मुलाखतींवरून काढलं."

बाबा थांबले. "का? मी तर सगळं सांगितलं. अगदी उदाहरणासकट."

"सांगितलंत. पण मला बाहेर काढून सांगितलंत."

बाबांना समजायला वेळ लागला. समजलं तसा चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. फुटपाथवर माणसं येत-जात होती, आणि ते दोघं एका बंद दुकानासमोर उभे होते.

"मी घात केला तुझा," ते म्हणाले.

"तुम्ही कशाला? मीच विचारलं तुम्हाला. विचारायला नको होतं." ती त्यांच्या समोर आली. "पण बाबा, आता मला सांगा. सगळ्या जगाला माहीत झालंय. गादीवाल्यांच्या आईलासुद्धा. फक्त मला नाही. आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते."

बाबांनी दुकानाच्या शटरकडे तोंड केलं. तिच्याकडे पाठ. "विचार. तुझ्या पद्धतीने विचार. मग जमेल कदाचित."

चाळणीने डोळे पुसले. रेकॉर्डर नव्हता, काही नव्हतं. तिने शिकवलेला आवाज काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही, साधाच निघाला.

"शब्द जुना आहे की आताचा?"

"जुना. पण अजून चालतो. मावसभाऊ म्हणाला, आता तर पोरं गाण्यातसुद्धा घालतात."

"बायका म्हणतात?"

"भांडताना. नळावर."

"तोंडावर म्हणतात की पाठीमागे?"

"पाठीमागे. तोंडावर म्हटलं तर सुरे निघतात."

"वस्तूला म्हणतात की माणसाला?"

"माणसाला."

"कुठल्या माणसाला?"

बाबांनी उशी इतकी घट्ट धरली, की ती दोन्ही बाजूंनी फुगली. "घरात एक म्हातारा असतो," ते शटरला म्हणाले. "मुलगा कामावर जातो. घरात सून असते. आणि म्हाताऱ्याची नजर... आणि लोक त्या दोघांवरून जे बोलतात, ते. त्या म्हाताऱ्याला म्हणतात तो शब्द."

चाळणी एक पाऊल मागे सरकली.

"तू समोर बसली होतीस," बाबा म्हणाले. "हसत होतीस. म्हणालीस, गादीला शोभतं का? मी काय सांगणार होतो गं तुला?"

काचेच्या आतल्या त्या माना आता तिच्या डोक्यात परत एकदा वळल्या, एक एक करून. आधी बाबांकडे, मग तिच्याकडे. नवऱ्याने डोक्यावर घेतलेला टॉवेलपण तिला आत्ता कळला. पायाखालचा फुटपाथ फाटला असता, तर ती आनंदाने आत गेली असती, आणि बाबांनाही जागा दिली असती.

बसस्टॉपपर्यंत दोघं चालले, मधे तिसरं माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. स्टॉपवर बाकडं होतं, त्यावर कोणी नव्हतं. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि उशी हळूच बाकड्यावर ठेवली, नावाची बाजू खाली. चाळणीने बघितलं न बघितल्यासारखं केलं. बस आली. दोघं चढले. ती पुढे बायकांच्या सीटवर, ते मागे.

बस सुटणार, तेवढ्यात कोणीतरी खिडकीवर थापा मारल्या. एक भला माणूस, पिशवी सावरत, धापा टाकत बसबरोबर पळत होता. त्याच्या डोक्यावर उशी उंच धरलेली. बाबांना नावाने हाक मारायची म्हणून त्या बिचाऱ्याने उशीवरचंच नाव वाचलं आणि ते बाबांचंच असावं असं समजून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, परत परत, बाबांकडे बोट दाखवून ओरडायला लागला.

ड्रायव्हरने बस थांबवली. "घ्या की आजोबा," कंडक्टर म्हणाला. "तुम्हालाच हाक मारतोय."

बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून उशी आत घेतली, आणि त्या माणसाचे आभार मानले.